टेक-ऑफनंतर मिनिटाभरात इंजिनं एकदम शांत का होतात?

निशिगंधा_वा

मंडळी, एक शंका आहे. हसू नका.

गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियात लेकीकडे अर्वाइनला होते. तिथून एकटीच डेन्व्हरला भावाकडे गेले. लेकीने घराजवळचा जॉन वेन विमानतळ निवडला. छोटासा, छान आहे. विमान धावपट्टीच्या टोकाला उभं राहिलं आणि हललंच नाही. ब्रेक दाबून ठेवलेले आणि इंजिनं मात्र ओरडायला लागली, सगळं विमान थरथरत होतं. मग सुटलं ते बाणासारखं. पाठ खुर्चीला चिकटली आणि नाक इतकं वर की पुढच्या रांगेतल्या माणसाची टोपी मला वरच्या मजल्यावर दिसत होती.

मी मनात वीस आकडे मोजले असतील नसतील, तोच आवाज गेला. म्हणजे पूर्ण नाही, पण मिक्सर तीनवरून एकवर आणावा तसा. नाक खाली आलं, पोटात गोळा. मला वाटलं, संपलं. शेजारची मुलगी शांतपणे चिप्स खात होती. साधारण मिनिटभराने इंजिनं परत वाढली, पंखातून घर्रर्र आवाज आला आणि पुढे सगळं नेहमीसारखं.

निघण्यापूर्वी पायलट काहीतरी बोलला होता, त्यातलं 'नॉईज' एवढंच कळलं. भाऊ म्हणतो खाली श्रीमंतांची घरं आहेत म्हणून करतात. आवाज कमी करायचा तर आधी इतका बोंबलून कशाला करायचा? आणि त्या मिनिटात एक इंजिन बंद पडलं तर?

उनाडवारा

काकू, घाबरू नका, हे सगळीकडेच करतात. पूर्ण ताकद फक्त उडण्यापुरती लागते. नंतर तेवढ्याच ताकदीवर ठेवलं तर इंजिनाचं आयुष्य कमी होतं आणि इंधन जळतं. म्हणून कमी करतात. आवाजाचं कारण लोकांना बरं वाटावं म्हणून सांगतात. खरं कारण पैसा.

घाटकोपरी

आमच्याकडे या म्हणावं शांतता बघायला. दर दोन-तीन मिनिटांनी एक, गच्चीवरच्या टाकीला चाकं लागतील असं वाटतं. दहावीच्या मुलाने अभ्यास कसा करायचा? इथे का नाही कमी करत इंजिनं?

शिडाचीनाव

घाटकोपरी, तुमच्याकडून विमानं उतरतात हो. धागा चढण्याबद्दल आहे.

धावपट्टी_२७

बावीस वर्षं एका एअरलाइनच्या पर्फॉर्मन्स विभागात होतो. कुठल्या धावपट्टीवरून, किती तापमानाला, किती वजन घेऊन उडता येईल याचे तक्ते करायचं काम. विमान चालवलेलं नाही, तेव्हा पायलट मंडळींनी चुकलं तर कान धरावा.

आधी उनाडवारा यांचं. तुमचं अर्धं बरोबर आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. धावपट्टी लांब असेल आणि वजन कमी असेल तर टेक-ऑफच मुळात कमी ताकदीवर करतात. आमच्याकडे त्याला फ्लेक्स म्हणायचे. ते खरोखर इंजिन वाचवायला असतं. शिवाय टेक-ऑफचा थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, काही मिनिटंच वापरता येतो, त्यामुळे प्रत्येक विमान हजार-दीड हजार फुटांवर चढाईच्या थ्रस्टवर येतंच. ती उतरण इतकी हळू असते की बऱ्याच प्रवाशांना कळतही नाही.

निशिगंधाताईंनी अनुभवलं ते त्याहून खोल. ती मुद्दाम आखलेली पद्धत आहे, आणि त्यांच्या वर्णनात तिचा पुरावाही आहे: घर्रर्र आवाज शेवटी आला. तो फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या सरकत्या फळ्या, आत घेण्याचा. आधी शांतता, मिनिटभर तशीच चढण, मग इंजिनं वाढली आणि त्याच सुमाराला फ्लॅप आत. म्हणजे जवळच्या वस्तीसाठीची पद्धत. दूरच्या वस्तीसाठीची दुसरी एक असते. तिच्यात आठशे-हजार फुटांवर आधी नाक थोडं खाली करून वेग वाढवतात, फ्लॅप आत घेतात आणि त्याच दरम्यान थ्रस्ट उतरवतात. त्यात घर्रर्र आणि शांतता जवळजवळ हातात हात घालून येतात. कान उघडे ठेवले तर प्रवाशालाही ओळखता येतं.

या दुसऱ्या पद्धतीत इंधन कमी लागतं, म्हणून एअरलाइन्सना ती आवडते. उनाडवारांच्या पैशाला तिथे जागा आहे.

मधुरा_ओसी

मी तिथेच राहते! कोस्टा मेसाला, पण रोज संध्याकाळी इथल्या बॅक बे नावाच्या खाडीच्या काठाने चालते. निशिगंधाकाकू, तुमचं विमान माझ्या डोक्यावरून गेलं असेल.

इथलं थोडं सांगते. धावपट्टी संपली की खाडी सुरू होते, तिच्या दोन्ही कडांवर घरं, आणि पुढे न्यूपोर्ट बीच नि समुद्र. 1985 साली काउंटी, न्यूपोर्ट बीच शहर आणि रहिवाशांच्या संघटना यांच्यात कोर्टात समझोता झाला. त्यात किती उड्डाणं, किती प्रवासी, किती आवाज हे सगळं बांधलं गेलं. पुढे तो वाढवत नेला. मोठी जेट विमानं सकाळी 7 च्या आधी निघत नाहीत (रविवारी 8) आणि रात्री 10 नंतरही नाही. कायमचे दहा मायक्रोफोन बसवलेत, त्यातले सात समुद्राच्या बाजूला, म्हणजे उड्डाणाच्या वाटेवर. कुठल्या विमानाने किती आवाज केला ते नोंदवलं जातं. त्यामुळे पायलट उगाच नाही ओढत थ्रॉटल.

निशिगंधा_वा

अगं मधुरा, मी बॅक बेला लेकीबरोबर बदकं बघायला आले होते की. किती लहान जग.

धावपट्टी_२७ (नाव काय हो घेतलंय), घर्रर्रचं कळलं. पण माझा प्रश्न तसाच आहे. पहिल्यापासूनच हळू का नाही जात? आधी कानठळ्या, मग शांतता. पैसे उधळून मग काटकसर केल्यासारखं.

धावपट्टी_२७

उधळत नाहीत, उंची विकत घेतात. जरा गणित करू, आकडे मुद्दाम गोल धरलेत.

पहिली अडचण धावपट्टीची. तिथली मोठी धावपट्टी 5,700 फूट. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची साधारण निम्मी. तेवढ्यात भरलेलं जेट उचलायचं तर ताकदीत हात आखडता घेता येत नाही. तुमचं विमान ब्रेक दाबून ओरडत उभं होतं ते त्यासाठीच, ब्रेक सुटताना पूर्ण ताकद हातात हवी.

दुसरं अंतराचं. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे पाचशे फुटांवरून जाणारं विमान हजार फुटांवरून गेलं, तर बाकी काही न बदलता 6 डेसिबल फुकट मिळाले. डोक्यावरच्या माणसासाठी उंची हेच सगळ्यात स्वस्त औषध आहे, आणि उंची लवकर मिळवायची तर ताकद लागते.

आता ताकद उतरवून काय मिळतं? जेटच्या झोताचा आवाज झोताच्या वेगावर भयंकर अवलंबून असतो. 1952 साली जेम्स लाइटहिल यांनी दाखवलं की तो वेगाच्या आठव्या घातात बदलतो. वेग दहा टक्के उतरवला की साधारण साडेतीन-पावणेचार डेसिबल जातात. झोताचा वेग दहा टक्के उतरला की थ्रस्ट उतरतो साधारण वीस टक्के. आजच्या इंजिनांत झोत मंद आणि पुढचा पंखा मोठा असतो, त्याच्या आवाजाचा हिशेब वेगळा, त्यामुळे हा नियम सरसकट लावू नका. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

तर समजा, विमान मिनिटाला 3000 फूट चढतंय. 1000 फुटांवर पोचायला वीस सेकंद. (ताईंनी वीस मोजले होते, शाबास.) तिथे थ्रस्ट वीस टक्के उतरवला, चढण झाली मिनिटाला 1800. वेग तोच, 165 नॉट, म्हणजे मिनिटाला पावणेतीन सागरी मैल. थ्रस्ट उतरवला त्या जागेपासून एक मैल पुढच्या घरावर, थ्रस्ट न उतरवलेलं विमान 2100 फुटांवर असतं, उतरवलेलं 1660 वर. ते खाली असल्याने 2 डेसिबलचा तोटा, इंजिन मंद असल्याने पावणेचारचा फायदा. हातात उरले पावणेदोन. उतरवलेल्या जागेच्या अगदी खाली मात्र तोटा शून्य आणि फायदा पूर्ण.

जसजसं पुढे जावं तसा उंचीतला फरक वाढतो. चार मैलांवर तोटा जवळजवळ साडेतीन, फायदा तोच पावणेचार. म्हणजे बरोबरी. त्याच्याही पुढे ज्याने थ्रस्ट उतरवला नाही तोच खालच्याला शांत वाटेल, कारण तो बराच वर असेल. जॉन वेनला ही बरोबरीची जागा समुद्रावर येते. तिथे मासे आहेत आणि त्यांची संघटना नाही.

धावपट्टी सोडल्यापासून 3000 फुटांपर्यंत यायला दीड मिनिट. तोवर किनारा आलेला असतो. मग थ्रस्ट वाढवा, फ्लॅप आत घ्या, निघा.

उनाडवारा

म्हणजे आवाज कमी करत नाहीत, पुढच्या गावात ढकलतात!

धावपट्टी_२७

काही प्रमाणात, हो. पुढे गाव असेल तर. म्हणून तर दोन पद्धती आहेत. जवळच्यांना वाचवायचं की दूरच्यांना, हे ठरवावं लागतं. आणि एका प्रकारच्या विमानासाठी एअरलाइनने दोनपेक्षा जास्त पद्धती ठेवू नयेत असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. नाहीतर प्रत्येक गावाची वेगळी खोड पायलटने लक्षात ठेवायची, तीही उडाल्यावर पहिल्या मिनिटात.

टेम्सकाठ

हीथ्रोजवळ राहतो. इकडे विमान धावायला लागतं त्या जागेपासून साडेसहा किलोमीटरवर हिशेब होतो. तिथे पोचेपर्यंत किमान 1000 फूट उंची हवी, आणि दिवसा आवाज 94 डेसिबलच्या आत, मध्यरात्री 87. ओलांडलं की दंड. माझा अनुभव असा की मायक्रोफोन जिथे आहेत तिथे विमानं सभ्य असतात.

धावपट्टी_२७

हा टोमणा खरा आहे. मायक्रोफोन कुठे आहे ते कळलं की पद्धत त्याच्याभोवती शिवली जाते. शिंप्याला माप दिलं की तो त्या मापाचंच शिवणार.

पुराणिक_विमानवाला

कोणी स्टेन्सबद्दल बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. 18 जून 1972, हीथ्रोहून निघालेलं ट्रायडेंट. दीड मिनिटाने आवाजासाठी थ्रस्ट कमी केला आणि आणखी मिनिटभरात विमान स्टेन्स गावाजवळ कोसळलं. 118 माणसं गेली, एकही वाचलं नाही. रहिवाशांच्या झोपेसाठी विमानं पाडायची का?

निशिगंधा_वा

अरे देवा. हे वाचायला नको होतं.

धावपट्टी_२७

पुराणिक, घटना खरी, निष्कर्ष अपुरा. थ्रस्ट ठरल्याप्रमाणे उतरवला, पण विमान आधीच हवं त्यापेक्षा हळू होतं. अपेक्षित वेग 177 नॉट, आणि 162 च्या आसपास असताना पंखाच्या पुढच्या कडेचे ड्रूप, म्हणजे हळू वेगातही उचल देणारे खाली झुकणारे भाग, आत घेतले गेले. ते 225 च्या आधी आत घ्यायचे नव्हते. पंखाची उचल गेली आणि विमान स्टॉलमध्ये गेलं. चौकशीत कप्तानाच्या हृदयविकाराचीही चर्चा झाली. नुसता थ्रस्ट उतरवल्याने ते पडलं नाही.

पण तुमचा मुद्दा मी पूर्ण मोडीत काढणार नाही. वेगाला शिल्लक कमी असताना, पावसाळी ढगात, पहिल्या दोन मिनिटांत पायलटच्या हातात एक काम वाढवलं होतं. आज जवळच्या वस्तीच्या पद्धतीत 3000 फुटांपर्यंत फ्लॅपला हात लावायचाच नाही, वेग टेक-ऑफच्या सुरक्षित वेगापेक्षा 10 ते 20 नॉट वर राखायचा, आणि थ्रस्ट 800 फुटांच्या खाली उतरवायचा नाही. अमेरिकेत 800 फुटांची ही सीमा 1993 च्या परिपत्रकाने पक्की केली.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच परिपत्रकात आहे. थ्रस्ट किती उतरवायचा याला तळ आहे. दोन इंजिनांच्या विमानात, उतरवलेल्या थ्रस्टवरच समजा एक इंजिन बंद पडलं आणि पायलटने काहीच केलं नाही, तरी उरलेल्या एकावर विमान किमान 1.2 टक्के चढत राहिलं पाहिजे. म्हणजे पुढे हजार फूट गेल्यावर वर बारा फूट. फार नाही, पण चढण आहे, उतरण नाही. आणि पायलट काहीच करणार नाही असं होत नसतं. हात थ्रॉटलजवळच असतो, दुसऱ्या इंजिनाची राखलेली ताकद दोन-चार सेकंदांत परत मिळते. काही विमानांत ही ताकद आपोआप परत देणारी यंत्रणा असते, त्यांना आणखी खोल उतरवायची मुभा आहे.

पुराणिक_विमानवाला

बारा फूट! माझ्या मते वीस वर्षांपूर्वीचे पायलट आणि आजचे यात फरक आहे. असो. मला अजूनही हा सौदा पटत नाही.

डॉ_कर्णिका

कानाची डॉक्टर आहे, म्हणून फक्त पोटातल्या गोळ्याबद्दल. नाक वर असताना वजनाचा काही भाग पाठीवर येतो आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला त्याची सवय होते. नाक वीस अंशांवरून दहा-बारावर आलं की पाठीवरचा दाब एकदम हलका होतो. बाहेर क्षितिज दिसत नसेल तर मेंदू त्याचा अर्थ 'आपण पुढे झुकलो, खाली चाललो' असा लावतो. त्यात आवाजही गेलेला. विमान चढतच असतं, कान खोटं सांगतो. पुढच्या वेळी खिडकीतून क्षितिज बघत राहा, गोळा बराच लहान होईल.

घाटकोपरी

सगळं वाचलं. पण मग उतरणाऱ्यांसाठी अशी पद्धत नाही का? आमचं काय?

धावपट्टी_२७

उतरताना इंजिनं आधीच मंद असतात, उतरवायला फारसं काही उरलेलं नसतं. तुम्हाला ऐकू येतो त्यातला मोठा भाग चाकांचा आणि उघडलेल्या फ्लॅपवर आपटणाऱ्या हवेचा. आणि तीन अंशांच्या ठरलेल्या उतारावरून यायचं तर घाटकोपरवर उंची किती असणार हे भूमितीने ठरवून टाकलंय. चढताना पायलटच्या हातात उंची आणि थ्रस्ट दोन्ही असतात, उतरताना दोन्हीत हात बांधलेले. मुंबईहून पश्चिमेला उडणाऱ्यांना पार्ले-जुहू ओलांडलं की समुद्रच लागतो. तुमच्या बाजूला समुद्र नाही, एवढंच खरं. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही.

मधुरा_ओसी

परवा मुद्दाम खाडीच्या काठावर तासभर बसले, फोनवर सेकंद मोजत. विमान दिसायला लागल्यापासून आवाज उतरेपर्यंत. बहुतेकांचा एकदम कळतो, कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा. तेरा विमानं मोजली. अकरांचा आवाज मी बसले होते त्याच्या अलीकडेच उतरला होता, दोघांचा माझ्या डोक्यावरून गेल्यावर. ती दोन्ही छोटी खासगी जेट होती.

आणखी एक, 2017 च्या सुमाराला उपग्रहावर चालणाऱ्या वाटा आल्यापासून सगळी विमानं एकाच रेषेत जातात. पूर्वी पसरून जायची असं इथले जुने लोक सांगतात. खाडीच्या मध्यावरून गेली तर दोन्ही काठ वाचतात, पण रेषा जरा एका काठाकडे सरकली की त्या काठाला रोजचंच. काका, मग थ्रस्टपेक्षा रेषाच महत्त्वाची नाही का?

धावपट्टी_२७

छान मोजलंस. खासगी जेट वेगळ्या नियमांत येतात, त्यांची चढणही वेगळी, तेव्हा त्या दोघांवरून अर्थ काढू नकोस.

रेषेचं मात्र मलाही नीट सुटलेलं नाही. रोज शंभर जणांना थोडा त्रास की दहा जणांना सगळा, हा माझ्या तक्त्यांतला प्रश्न नव्हता. खाडी रुंद आहे तिथे रेषा जिंकते, थ्रस्टपेक्षाही. खाडी अरुंद होते तिथे दोनशे मीटर बाजूला सरकून काही फार मिळत नाही, कारण विमान तोवर हजार-दीड हजार फुटांवर असतं आणि तिरकं अंतर जेमतेम बदलतं. कागदावर काटकोन त्रिकोण काढून बघ.

मधुरा_ओसी

काढला. 1500 फूट उंची, 650 फूट बाजूला. तिरकं अंतर 1635. एक डेसिबलही नाही पडत! मग त्या काठावरचे लोक चिडतात ते नुसत्या आवाजाने नाही वाटतं?

टेम्सकाठ

चिडतात ते मोजणीने. दिवसाला किती, हे डेसिबलमध्ये येत नाही.

निशिगंधा_वा

मी तुमच्या त्रिकोणांतून बाहेर. लेकीने दिवाळीचं तिकीट काढलंय, परत तिथूनच एक चक्कर डेन्व्हरला. यावेळी वीस मोजणार, मग शांतता, मग घर्रर्र. घर्रर्र आधी आलं तर इथे येऊन सांगते.